तीस सेकंदांत एकच गोष्ट मावते

*ताई, मी ऐरोलीला राहते, वय ३१. बी.कॉम.नंतर सहा वर्षं बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डरकडे इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन केलं. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, त्याला दोन वर्षं झाली. आता परत सुरुवात करायची आहे. लिंक्डइनवर स्वतःची ओळख करून देणारा ३० सेकंदांचा व्हिडिओ टाक, असं नणंद म्हणाली. १७ वेळा रेकॉर्ड केला, पण तो ७० सेकंदांच्या खाली येतच नाही. सुरुवात ‘हॅलो एव्हरीवन, मायसेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम ऐरोली, नवी मुंबई, आय हॅव कम्प्लिटेड माय ग्रॅज्युएशन इन कॉमर्स’ अशी आहे आणि शेवट ‘आय ॲम हार्डवर्किंग, सिन्सिअर अँड अ टीम प्लेयर’ असा. नणंद म्हणते, बायोडेटा वाचून दाखवतेयस. दोन वर्षांच्या गॅपचं सांगू की नको? इंग्रजी लिहिता येतं, बोलताना अडखळते. ऑफिसात मी कस्टम्सच्या क्वेऱ्यांची एक वही ठेवायचे, त्यावरून सगळे चिडवायचे. महिन्याला दहा-बारा क्वेऱ्या यायच्या, त्या वर्षभरात तीन-चारवर आल्या होत्या. पण ३० सेकंदांत असलं काय सांगणार? काय ठेवू, काय काढू, ते सांगा.*
*— एक वाचक, ऐरोली*

प्रिय मैत्रिणी,

ती वही ठेव, बाकी जवळजवळ सगळं काढ.

तू जी गोष्ट पत्राच्या शेवटी, ‘असलं काय सांगणार’ म्हणून लिहिलीस, तीच तुझा व्हिडिओ आहे. मी गेली बरीच वर्षं ठाण्यात वागळे इस्टेटच्या आणि महापे-तुर्भ्याच्या कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम करते. त्यात लॉजिस्टिक्सवालेही पुष्कळ असतात. हार्डवर्किंग आणि सिन्सिअर नसलेला उमेदवार मला आजवर कुणी पाठवलेला नाही, सगळेच तसं म्हणतात. कस्टम्सची क्वेरी का येते हे वहीत टिपून ती कमी करून दाखवलेली व्यक्ती मात्र क्वचित भेटते.

आधी हिशेब करू, म्हणजे ७० सेकंद कुठे जातात ते कळेल. समजेल असं, श्वास घेत बोललं तर ३० सेकंदांत मराठीचे साधारण ५५ शब्द बसतात. इंग्रजी शब्द आखूड असतात, तिथे ६५ ते ७० बसतात. तू लिहिलेलं सगळं एका कागदावर उतरव आणि शब्द मोज. माझा अंदाज आहे की ते दीडशेच्या आसपास निघतील. म्हणजे भराभर बोलून काही होणार नाही. अर्ध्याहून जास्त मजकूर जायलाच हवा. सतरा वेळा रेकॉर्ड करून तू बोलण्याचा वेग वाढवत राहिलीस. कात्री कागदावर चालवायची होती, ती चाललीच नाही.

आता तुझी सुरुवात बघ. हॅलो एव्हरीवन, नाव, गाव, पदवी, यातच दहा-बारा सेकंद जातात, आणि तोवर बघणाऱ्याला तू कुठलं काम करतेस हे कळलेलं नसतं. मी एकदा भिवंडीच्या एका गोदामात तिथल्या मॅनेजरांबरोबर उमेदवार बघत बसले होते. एका हातात चहा, एका हातात फोन, फोनचा आवाज बंद. एका मुलाचा व्हिडिओ त्यांनी लावला, तो हसून काहीतरी बोलत होता, आणि नवव्या सेकंदाला त्यांचा अंगठा वर सरकला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘काय काम करतो ते कळलंच नाही ना अजून.’ तो मुलगा पुढे काय म्हणाला ते मी नंतर घरी बघितलं. त्याला स्टॉक ऑडिटचा चांगला अनुभव होता आणि तो त्याने विसाव्या सेकंदाला सांगितला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिल्या वाक्यात नाव आणि काम, दोन्ही हवं. गाव, पदवी, छंद, घरची माणसं काहीही नको. पदवी प्रोफाइलवर लिहिलेली असते, ती बोलून दाखवण्यात वेळ का घालवायचा?

तुझ्यासाठी मी एक मसुदा केला आहे. आधी मराठीत करू, इंग्रजीचं पुढे बोलते.

‘मी (नाव-आडनाव). न्हावा शेवाच्या इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनचं काम मी सहा वर्षं केलंय. आमच्या टीमला कस्टम्सकडून महिन्याला दहा-बारा क्वेऱ्या यायच्या. मी प्रत्येक क्वेरी वहीत टिपली. बहुतेक मालाच्या अपुऱ्या वर्णनामुळे येत होत्या. मग चेकलिस्ट करण्याआधीच कॅटलॉग मागवायला लागले. वर्षभरात क्वेऱ्या तीन-चारवर आल्या. बेलापूर, वाशी किंवा उरण भागात इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनची जागा शोधतेय. लगेच रुजू होऊ शकते.’

हे ५३ शब्द आहेत. पहिल्या १२ शब्दांना सहा सेकंद लागतात, वहीच्या गोष्टीला पंधरा, शेवटच्या मागणीला सात. सुरुवातीला आणि शेवटी एकेक सेकंद शांत. बस्स, तीस झाले. क्वेऱ्या मालाच्या वर्णनामुळे आणि उपाय कॅटलॉगचा, हे मी अंदाजाने लिहिलं आहे, कारण या कामात ते वरचेवर घडतं. इन्व्हॉइसवर नुसतं ‘मशिनरी पार्ट्स’ लिहिलेलं असतं. मग ते कशाचे, कुठल्या धातूचे, कशासाठी, हे कस्टम्सला कळल्याशिवाय एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा आकडा, पक्का होत नाही आणि प्रश्न येतो. तुझ्या वहीत कारण वेगळं असेल तर तेच लिही. कदाचित तुझ्याकडे व्हॅल्यूचे प्रश्न जास्त येत असतील, किंवा एखादं सर्टिफिकेट दर वेळी मागे राहत असेल. खरं कारण हवं, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

मधले पंधरा सेकंद हा व्हिडिओचा जीव आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. त्यात तीन गोष्टी एकामागून एक येतात: आधी कसं होतं, तू काय केलंस, मग कसं झालं. यातली मधली गोष्ट बहुतेक लोक गाळतात. ‘मी क्वेऱ्या ६० टक्क्यांनी कमी केल्या’ असं नुसतं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ती फुशारकी वाटते. कॅटलॉग आधी मागवला, हे सांगितलं की त्याला चित्र दिसतं. सीएचएच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात बसलेला माणूस मनात लगेच पुढचं जोडून घेतो. क्वेरी आली की बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे भरलेला कागद, अडकते, उत्तर जाईपर्यंत कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात, पडून राहतो. फ्री डेज संपले की सीएफएसचं ग्राउंड रेंट चालू होतं, कंटेनर अडकवून ठेवल्याबद्दल शिपिंग लाइनचं डिटेन्शन चालू होतं, आणि इम्पोर्टरचा फोन येतो तो त्याच माणसाला. तुला हे काहीही समजावून सांगायचं नाही. त्याला ते रोज भोगावं लागतं. ‘क्वेऱ्या तीन-चारवर आल्या’ हे तीन शब्द त्याच्यासाठी पुरेसे आहेत.

टक्केवारीही म्हणून टाळ. दहा-बारावरून तीन-चारवर, हे कानाला लगेच कळतं. साठ-सत्तर टक्के म्हटलं की ऐकणारा ‘कशाचे?’ असा विचार करत बसतो आणि तोवर तू पुढच्या वाक्यावर गेलेली असतेस.

पण हा आकडा कॅमेऱ्यासमोर बोलण्याआधी एक गोष्ट स्वतःशी तपासून घे. क्वेऱ्या कमी झाल्या त्या वर्षी कामही कमी झालं होतं का? आधी महिन्याला समजा ८० बिल ऑफ एन्ट्री भरल्या जात होत्या आणि नंतर त्या ३० वर आल्या असतील, तर क्वेऱ्या आपोआपच उतरल्या असणार. जाणकार माणूस हेच विचारेल: ‘किती बिल ऑफ एन्ट्रीमागे?’ काम तेवढंच राहिलं असेल तर उत्तर ठामपणे दे. काम घटलं असेल तर आकडा सोड आणि नुसतं काय बदललंस ते सांग, तेही पुरेसं वजनदार आहे. नेमका आकडा आठवत नसेल तर जुन्या सहकाऱ्याला फोन कर, पण त्याच्याकडून ऑफिसची कागदपत्रं मागू नकोस.

मसुद्यात मी एक फरक मुद्दाम ठेवला आहे. क्वेऱ्या ‘आमच्या टीमला’ यायच्या आणि वहीत ‘मी’ टिपलं. संपूर्ण टीमचं श्रेय आपल्याकडे ओढलं की जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी ते ऐकतं. हे क्षेत्र छोटं आहे, बेलापूरच्या एका इमारतीत सकाळी बोललेलं दुपारी वाशीला पोहोचतं. उलट सगळंच ‘आम्ही, आम्ही’ करून सांगितलंस तर तुझा वाटा कोणता ते कळत नाही.

याच कारणासाठी व्हिडिओत जुन्या कंपनीचं नाव, इम्पोर्टरचं नाव, मालाची किंमत, बिल ऑफ एन्ट्रीचे नंबर यातलं काहीही येऊ देऊ नकोस. ती वही अजून तुझ्याकडे असेल तर कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवायचा मोह होईल. नको. त्यात दुसऱ्यांच्या धंद्याची माहिती आहे, आणि डॉक्युमेंटेशनमधली माणसं सगळ्यात आधी हेच पारखतात की ही आपली कागदं जपेल का.

आता गॅप. व्हिडिओत त्यावर एक शब्दही नको. हे लपवणं नाही. ‘सहा वर्षं काम केलंय’ या वाक्यात तू आज कुठे नोकरीला आहेस असा दावा कुठेच नाही, आणि ‘लगेच रुजू होऊ शकते’ यातून समजणाऱ्याला समजतं. दोन वर्षांचा हिशेब प्रोफाइलवर दे. लिंक्डइनवर २०२२ पासून अनुभवाच्या रकान्यात करिअर ब्रेक अशी स्वतंत्र नोंद करता येते, तिथे महिना-वर्ष टाकून ‘बाळाच्या संगोपनासाठी’ एवढं लिही. तारखा स्वच्छ असल्या की कुणी खोदून विचारत नाही. व्हिडिओत बोललीस तर तीसातले सहा-सात सेकंद तुझ्या नसण्यावर जातील, आणि आवाज नकळत माफी मागितल्यासारखा होईल. मी असे व्हिडिओ बघितले आहेत. त्या बायका कामाबद्दल बोलताना ताठ बसलेल्या असतात आणि ब्रेकचं वाक्य आलं की नजर खाली जाते. मुलीला वाढवण्यात माफी मागण्यासारखं काय आहे?

मुलाखतीत मात्र प्रश्न येईल, आणि तो बहुधा ‘दोन वर्षांत बदललेलं काय काय माहीत आहे?’ असा असेल. त्यासाठी कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर जाऊन काय नवीन आलंय ते बघून ठेव. पण ती तयारी व्हिडिओनंतरची.

इंग्रजीबद्दल तू विचारलंस. या कामाचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, शिपिंग लाइनशी बोलणंही बऱ्याचदा इंग्रजीत, तेव्हा व्हिडिओ इंग्रजीतच कर. पण आधी मराठीत बोलून बघ. आपल्याला नेमकं काय म्हणायचंय हे आपल्या भाषेत आधी ठरतं. ते ठरलं की इंग्रजी वाक्यं छोटी होतात, आणि छोट्या वाक्यात माणूस अडखळत नाही. तुझे कामाचे शब्द, चेकलिस्ट, क्वेरी, कॅटलॉग, बिल ऑफ एन्ट्री, आधीपासून इंग्रजीच आहेत आणि तू ते सहा वर्षं रोज बोलली आहेस. उरतात ती साधी क्रियापदं: ‘आय डिड’, ‘आय नोटेड’, ‘आय आस्क्ड’. सगळं साध्या भूतकाळात ठेव. ‘मायसेल्फ’ तेवढं काढ, ‘आय ॲम’ म्हण. उच्चार मराठी वळणाचा आहे म्हणून बदलू नकोस. उसना उच्चार दुसऱ्या वाक्यात सुटतो, आणि ते जास्त खटकतं.

पाठ किती करायचं? पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ हवं, झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इतकं. मधलं पाठ करू नकोस. एका कागदाच्या तुकड्यावर तीनच शब्द ठळक लिही: ‘बारा, कॅटलॉग, चार’. तो कागद फोनच्या कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटव. ते तीन शब्द दिसले की गोष्ट आपसूक क्रमाने येते आणि प्रत्येक वेळी थोडी वेगळी येते, म्हणून ती वाचल्यासारखी वाटत नाही. संपूर्ण मजकूर समोर ठेवलास तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात. नणंदेला जे बायोडेटा वाचन वाटलं ते बहुतेक तेच असावं.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगते. खिडकी तुझ्या समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो आणि बाहेरची इमारत लख्ख दिसते. फोन डोळ्यांच्या उंचीला हवा. टेबलावर स्टीलचे दोन-तीन डबे एकावर एक ठेवून त्याला टेकव. खाली ठेवलेल्या फोनकडे वाकून बोललं की हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. कॅमेऱ्याची काच मऊ कपड्याने पूस, स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनवर तेलकट थर असतोच. आणि स्क्रीनवर स्वतःला बघत बोलू नकोस. कॅमेऱ्याच्या बारीक गोलाशेजारी एक टिकली लाव आणि तिच्याशी बोल. स्वतःला बघत बोललं की बघणाऱ्याला नजर जरा बाजूला, खाली गेलेली दिसते. ती कशामुळे ते त्याला सांगता येत नाही, पण विश्वास कमी बसतो.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि घरगुती व्हिडिओत तोच सगळ्यात जास्त बिघडतो. पंखा बंद कर. ऑक्टोबरात घाम येईल, पण तीस सेकंदांचा प्रश्न आहे. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून जिथे पलंग, गादी, कपड्यांचं कपाट, पडदे आहेत अशी खोली निवड. तारेचे इअरफोन असतील तर त्याचा माइक वापर, मात्र तो ओढणीला किंवा केसांना घासत नाही ना ते बघ, नाहीतर सगळीकडे खसखस ऐकू येते. पाच सेकंदांचा नमुना रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐक. त्यात तुला जे ऐकू येईल, शेजारचा कुकर, खालची दुचाकी, ते बघणाऱ्यालाही ऐकू येणार. ऐरोलीत तुझं घर रस्त्याला लागून असेल तर दुपारी दोन-तीनची वेळ बघ, मुलगी झोपलेली असेल तर उत्तमच.

सतरा वेळा रेकॉर्ड करू नकोस. सहाव्या-सातव्या खेपेनंतर चेहऱ्यातला जीव जातो, शब्द बरोबर येतात पण डोळे थकलेले दिसतात. तीन-चार खेपा कर, थांब, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. त्यातली एक निवड. एखादा शब्द अडखळला तरी गोष्ट नीट आली असेल तर तीच ठेव.

एक गोष्ट मात्र करावीच लागेल: खाली अक्षरं. लिंक्डइनवर व्हिडिओ समोर आला की तो आवाजाशिवाय सुरू होतो, आणि लोकलमध्ये किंवा ऑफिसात बसलेला माणूस तो तसाच बघतो. भिवंडीचे ते मॅनेजर तसेच बघत होते. पहिल्या तीन सेकंदांत पडद्यावर ‘इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन, ६ वर्षं, न्हावा शेवा’ एवढं मोठ्या अक्षरांत दिसू दे, नंतर तू बोलशील ते. आपोआप तयार होणारी अक्षरं तशीच सोडू नकोस. त्यांना न्हावा शेवा कळत नाही, सीएफएस कळत नाही, त्यातून भलतेच शब्द उमटतात, आणि डॉक्युमेंटेशनच्या उमेदवाराच्या व्हिडिओत चुकीचं अक्षर म्हणजे तुझ्याच कामातली चूक. एकेक शब्द हाताने दुरुस्त कर. अक्षरं अगदी तळाशी नकोत, तिथे ॲपची बटणं त्यांच्यावर येतात.

शेवटच्या सात सेकंदांबद्दल दोन शब्द. ‘लुकिंग फॉर अ गुड ऑपॉर्च्युनिटी’ म्हणू नकोस. पदाचं नाव आणि भाग स्पष्ट सांग. माझ्याकडे व्हिडिओ आला की मी मनात त्या माणसाला एखाद्या रिकाम्या खुर्चीवर बसवून बघते. खुर्ची कोणती तेच कळलं नाही तर बसवू कुठे? भागही म्हणूनच हवा. ऐरोलीहून बेलापूर ट्रान्स-हार्बरने सरळ आहे. पुढे उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ पासून जाते, म्हणजे तिकडच्या सीएफएसमध्येही तुला जाता येईल. पण लहान मूल घरी ठेवून उरण तुला जमणार आहे का, हे आधी घरात बोलून ठरव. जमणार नसेल तर मसुद्यातून उरण काढ. व्हिडिओत हो म्हणून मुलाखतीत नाही म्हणणं वाईट दिसतं.

फोन नंबर आणि घरचा पत्ता मात्र बोलू नकोस, पडद्यावरही लिहू नकोस. नोकरी शोधणाऱ्यांचे नंबर गोळा करून ‘रजिस्ट्रेशन फी भरा’ म्हणणारे ठग आपल्याकडे कमी नाहीत. संपर्क तिथल्या मेसेजवरच होऊ दे. शेवटच्या सेकंदाला ‘मेसेज करा’ एवढं अक्षरांत दिसलं की पुरे.

टाकण्याआधी तीन जणांना दाखव. पहिल्याला आवाज बंद करून दाखव आणि विचार, मी कुठलं काम करते? सांगता आलं नाही तर सुरुवातीची अक्षरं चुकली. दुसऱ्याला डोळे मिटून ऐकायला सांग आणि विचार, कुठला शब्द नीट ऐकू आला नाही? तिसरी व्यक्ती या कामाशी संबंध नसलेली घे. सासूबाई, शेजारच्या काकू, कुणीही. त्यांना एकदाच दाखव, मग इकडचं तिकडचं बोल, आणि दहा मिनिटांनी विचार, काय लक्षात राहिलं? ‘ती वही ठेवायची आणि प्रश्न कमी झाले’ असं काही त्या म्हणाल्या तर व्हिडिओ जमला. ‘छान बोललीस, साडी छान होती’ म्हणाल्या तर मधले पंधरा सेकंद पुन्हा लिही.

हा व्हिडिओ काय करू शकत नाही तेही माहीत असू दे. आम्ही माणसं शोधतो ती शब्द टाइप करून, आणि तू व्हिडिओत बोललेले शब्द त्या शोधात सापडत नाहीत. म्हणून ‘इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन’, ‘बिल ऑफ एन्ट्री’, ‘न्हावा शेवा’ हे शब्द प्रोफाइलच्या हेडलाइनमध्ये आणि व्हिडिओच्या सोबतच्या मजकुरात इंग्रजी अक्षरांत लिहिलेच पाहिजेत. व्हिडिओ हा दुसरा टप्पा आहे, कुणीतरी तुझ्या प्रोफाइलपर्यंत पोहोचल्यावरचा. तो प्रोफाइलच्या फीचर्ड भागात ठेव, म्हणजे पोस्ट खाली गेली तरी सापडेल. बेलापूर-वाशीच्या कस्टम्स ब्रोकर आणि फॉरवर्डर कंपन्यांतल्या लोकांना मेसेज करताना दोन ओळी लिहून त्याची लिंक दे. मोठी फाइल जोडू नकोस, ती कुणी उघडत नाही. काही कंपन्या उमेदवाराचे व्हिडिओ मुद्दाम बघत नाहीत, कारण चेहरा, वय, कपडे बघून आधीच मत बनतं असं त्यांना वाटतं, आणि ते चुकीचं नाही. तिथे तुझा लेखी बायोडेटाच बोलेल. त्यात तीच वहीची गोष्ट एका ओळीत, त्याच आकड्यांसह असू दे. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर मला शंका येते.

आणि नोकरी लागली, रुजू झालीस, की त्याच आठवड्यात तो व्हिडिओ फीचर्डमधून काढ आणि पोस्टही काढून टाक. ‘जागा शोधतेय’ म्हणणारा तुझा चेहरा नव्या साहेबांच्या समोर तीन महिन्यांनी यायला नको.

— तुझी ताई